सुतकाचे बारा दिवस : काय थांबते आणि काय थांबत नाही



सांगली जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या सासऱ्यांचे एका मंगळवारी सायंकाळी निधन झाले. घरी गूळ आणि हळदीची अडत आहे. घर दिगंबर संप्रदायाचे, नित्य देवदर्शनाचे आहे. पत्रात त्या लिहितात : ‘माझ्या सासूबाई गेली चाळीस वर्षे पहाटे उठून णमोकार मंत्राची एक माळ फेरीत. मामंजी गेले त्या रात्री जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणाले की, आता सुतक आहे, माळेला हात लावू नका, मंत्रही तोंडी आणू नका. सासूबाई बारा दिवस खोलीत मांडीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. तेराव्या दिवशी आम्ही माळ त्यांच्या हाती दिली, तर त्यांनी ती परत केली. आता मन लागत नाही, म्हणाल्या. आमचे काही चुकले काय?’

याच पत्रात आणखी तीन प्रश्न होते. दिवस मोजावेत कसे, दुकान चौथ्या दिवशी उघडले ते योग्य होते काय आणि मामंजींसाठी आता काय करावे. पत्र एका घरचे असले तरी हे प्रश्न आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी उभे राहतात आणि नेमक्या त्या वेळी शांतपणे उत्तर शोधण्याची कुणाची मनःस्थिती नसते. म्हणून या वेळचे सदर त्या भगिनीच्या पत्रालाच वाहिले आहे.

सुतक कोणासाठी?

मराठीत जन्माच्या अशौचास सोयर आणि मृत्यूच्या अशौचास सुतक म्हणतात. हिंदी भाषेतील जैन ग्रंथांत मात्र जन्माच्या अशौचास सूतक व मृत्यूच्या अशौचास पातक असे म्हटलेले आढळते. दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्यांचा येथे गोंधळ होतो, म्हणून आरंभीच सांगितले. या लेखात सुतक म्हणजे मृत्यूनंतरचेच.

आपल्या शेजारपाजारच्या अन्य धर्मीय घरांत मृत्यूनंतरचे दहा-तेरा दिवस गतात्म्याच्या पुढील प्रवासाशी जोडलेले असतात. त्या दिवसांत पिंड दिला जातो, तो आत्म्याला पोचतो अशी श्रद्धा असते. आपल्या सिद्धांतात ही कल्पना नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, देह सोडलेला संसारी जीव नव्या जन्मस्थानी पोचतो तो चौथ्या समयाच्या आतच आणि समय हे काळाचे इतके सूक्ष्म परिमाण आहे की डोळ्याची पापणी लवेपर्यंत असंख्य समय उलटून जातात. म्हणजे मंगळवारी सायंकाळी घरात पहिला हुंदका फुटला, त्याच्याही आधी मामंजींचा जीव आपल्या कर्मानुसार नव्या गतीला गेलेला होता. तो घरात घुटमळत नाही, भुकेला राहत नाही, आपल्या हातून काही पोचण्याची वाट पाहत नाही.

मग सुतक कशासाठी? ते मागे राहिलेल्यांसाठी आहे. ज्या घरात मृत्यू झाला तेथे देहाची आणि वास्तूची शुद्धी व्हावयाची असते आणि मन तर पूर्णपणे विस्कळीत झालेले असते. अशा अवस्थेत जिनबिंबाचा अभिषेक करणे किंवा मुनींना आहार देणे ही कामे सावधानतेने होऊ शकत नाहीत. मूलाचारात मुनींना आहार देण्यास अयोग्य दात्यांची जी गणना आहे, तीत सुतक असलेल्याचा समावेश आहे. दिवसांची सविस्तर कोष्टके मात्र नंतरच्या आचारग्रंथांतून आली आणि म्हणूनच प्रांताप्रांतांत व पंथापंथांत ती थोडी निरनिराळी दिसतात. सुतकाचा मूळ हेतू एवढाच की, शोकाकुल माणसाला काही काळ सार्वजनिक धर्मकार्याच्या जबाबदारीतून मोकळे करावे. त्याला धर्मापासून दूर करावे, असा तो हेतू नाही.

दिवस कसे मोजावेत?

आता त्या घरचाच हिशेब करून पाहू. निधन मंगळवारी सायंकाळी झाले, दहन बुधवारी सकाळी. दहन दिवसा करण्याचा आग्रह आपल्याकडे असतो, त्याचे एक कारण असे की, अंधारात सरणाचे लाकूड झटकून, त्यातील मुंग्या-वाळवी पाहून घेता येत नाही. त्यामुळे निधन व दहन यांत एका रात्रीचे अंतर पडले आणि येथेच घरात वाद झाला. एक काका म्हणाले, मंगळवारपासून मोजा, दुसरे म्हणाले, अग्नी दिला त्या बुधवारपासून.

सर्वसाधारण रीत निधनाच्या दिवसापासून मोजण्याची आहे. मंगळवार पहिला, गुरुवार तिसरा, पुढच्या आठवड्यातील शनिवार बारावा. रविवारी, तेराव्या दिवशी, स्नान करून व घर धुऊन शुद्धी. मुलगे, सुना, नातू आणि सख्खे भाऊ यांना हे पूर्ण बारा दिवस. तीन पिढ्यांपर्यंत बारा दिवस मानतात आणि चौथ्या पिढीपासून ते कमी होत जातात. चौथीला दहा, पाचवीला सहा, असे करीत दहाव्या पिढीला केवळ स्नान. ही दिगंबर घरांत प्रचलित असलेली गणना आहे.

एक मुलगा परदेशी आहे. त्याला त्याच रात्री कळले, पण येता आले नाही. त्याचेही दिवस तेथे बसून मंगळवारपासूनच मोजले जातील. समजा, त्याला वार्ता उशिरा, पहिल्या शनिवारी म्हणजे पाचव्या दिवशी कळली असती, तर त्याने नव्याने बारा दिवस धरावयाचे नव्हते. उरलेले दिवस पाळून घरच्यांबरोबरच तो मोकळा झाला असता. बारा दिवस उलटल्यानंतर वार्ता कळली तर स्नान करून शुद्धी मानतात.

इचलकरंजीला दिलेल्या लेकीला तीन दिवस. तिचे गोत्र व घर आता वेगळे, म्हणून गणना वेगळी. मात्र ती माहेरीच राहून त्याच घरी जेवत असेल, तर तेथे असेपर्यंत त्या घरचे सुतक तिलाही मानले जाते. या लेकीला कुणीतरी म्हणाले की, ‘तुझे काय, तीनच दिवस.’ असे कधीही म्हणू नये. तीन दिवस हा तिच्या पूजा-अभिषेकाच्या अधिकाराचा हिशेब आहे, तिच्या दुःखाचा नव्हे. वडिलांचे दुःख सासरच्या आडनावाने कमी होत नाही.

श्वेतांबर मूर्तिपूजक घरांत दिवसांची व नियमांची मांडणी थोडी वेगळी असते आणि स्थानकवासी व तेरापंथी घरांत मूर्तिपूजाच नसल्याने सुतकाचा प्रश्न बराचसा सामाजिक व्यवहारापुरता उरतो. म्हणून एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. घरातील एका जाणत्या व्यक्तीने आपल्या मंदिराच्या पंडितांना किंवा उपाध्यायांना विचारून गणना ठरवावी, कागदावर तारखा लिहाव्यात आणि तो कागद सर्वांना दाखवावा. मग रोज येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर तोच वाद नव्याने होत नाही.

माळ का थांबली?

आता सासूबाईंकडे वळू, कारण या पत्रातील खरी हानी तेथेच झाली आहे.

सुतकात थांबतात त्या गोष्टी अशा : जिनबिंबाचा स्पर्श व अभिषेक, अष्टद्रव्याने पूजा, शास्त्रग्रंथ हाती घेणे आणि मुनी-आर्यिकांना आहारदान. बहुतेक ठिकाणी मंदिराच्या गाभाऱ्यात जात नाहीत, बाहेरून, दुरून दर्शन घेतात. थांबते ते एवढेच.

णमोकार मंत्राचे मनातील स्मरण कधीही थांबत नाही. याला दूरचा आधार शोधावयास नको. नित्यपूजेच्या आरंभी आपण जे श्लोक म्हणतो, त्यांतच असा स्पष्ट आशय आहे की, माणूस पवित्र असो वा अपवित्र, सुस्थितीत असो वा दुःस्थितीत, पंचनमस्काराचे ध्यान करणारा पापांतून मुक्त होतो. लहानपणापासून हे श्लोक आपल्या कानांवर पडत आले आहेत. तरीही घरात मृत्यू झाला की ते आपल्याला आठवत नाहीत आणि कुणाच्या तरी ऐकीव शब्दावर आपण दुःखी माणसाच्या हातून त्याची एकमेव काठी काढून घेतो.

माळेला स्पर्श करावा की नाही, याविषयी घरोघरी मतभेद असतात. त्या वादात पडण्याची गरजच नाही, कारण आपल्याकडे बोटांच्या पेरांवर जप करण्याची जुनी रीत आहे. अंगठा सोडून उजव्या हाताच्या चार बोटांची प्रत्येकी तीन पेरे, अशी बारा पेरे होतात. अंगठा एकेका पेरावर ठेवीत बारा वेळा मंत्र मनात म्हणावा. एक फेरी झाली की डाव्या हाताचे एक पेर धरावे. अशा नऊ फेऱ्या झाल्या की एकशे आठ मंत्र पूर्ण होतात. माळ नको, आसन नको, उच्चारही नको. अंधाऱ्या खोलीत, अंथरुणावर पडल्यापडल्यासुद्धा हे करता येते. सासूबाईंना त्या रात्री कुणी एवढेच सांगितले असते, तर चाळीस वर्षांची पहाट खंडित झाली नसती.

याखेरीज अनित्य, अशरण आदी बारा भावनांचे चिंतन करता येते, मौनाने सामायिक करता येते, घरातील लहानांनी किंवा शेजाऱ्यांनी वाचलेले वैराग्यपर पाठ ऐकता येतात. सुतकाचे दिवस हे वास्तविक या चिंतनाचेच दिवस आहेत.

रडावे की नाही?

त्या भगिनीने विचारलेले नाही, परंतु पत्राच्या ओळींमधून जाणवते की, त्या घरात ‘रडू नका, कर्मबंध होतो’ हे वाक्य अनेकदा उच्चारले गेले. हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि अर्धे सत्य दुःखी माणसाला फार लागते.

प्रिय व्यक्तीच्या वियोगाने मन त्याच विचारात वारंवार गुंतून राहणे, याला तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचा एक प्रकार म्हटले आहे. ते हितकर नाही, हे खरे. पण त्याच अध्यायात हेही सांगितले आहे की, आर्तध्यान अविरतांना होते, अणुव्रती श्रावकांना होते आणि प्रमत्तसंयतांना, म्हणजे महाव्रते घेतलेल्या पण प्रमादावर पूर्ण विजय न मिळविलेल्या मुनींनाही होऊ शकते. जी गोष्ट महाव्रतींच्या बाबतीतही संभवते, ती पन्नास वर्षांचा संसार केलेल्या वृद्ध स्त्रीने पहिल्याच दिवशी जिंकावी, अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

सातव्या शतकातील रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात लक्ष्मणाच्या मृत्यूनंतरचा प्रसंग आहे. बलभद्र राम भावाचा देह सोडीत नाहीत, तो जिवंत आहे असे मानून सहा महिने त्याला घेऊन फिरतात. तेव्हा पूर्वजन्मी त्यांच्याशी स्नेह असलेले दोन देव येतात. एक जण वाळलेल्या झाडाला पाणी घालू लागतो, कधी पाणी घुसळून लोणी काढण्याचा, कधी वाळू रगडून तेल काढण्याचा प्रयत्न चालतो. राम म्हणतात, हे काय व्यर्थ चालविले आहे? मग त्यांना उत्तर मिळते की, मृत देह खांद्यावर घेऊन फिरणे तरी दुसरे काय आहे? आणि राम भानावर येतात. या कथेत दोन गोष्टी आहेत. राम हे त्याच भवात मोक्षाला जाणारे महापुरुष, पण त्यांनाही सावरण्यास वेळ लागला आणि ज्यांनी त्यांना सावरले त्यांनी रामांना दोष दिला नाही, प्रेमाने समजाविले.

दोष कोठे आहे, तेही सांगतो. सहाव्या अध्यायात असातावेदनीय कर्माची जी कारणे दिली आहेत, त्यांत शोक आणि आक्रंदन ही स्वतःत असोत, दुसऱ्यात उत्पन्न केलेली असोत वा दोन्हींत असोत, तिन्ही धरली आहेत. म्हणून भेटीला येणाऱ्यांनी सांभाळावे. आईचा डोळा नुकताच कोरडा झालेला असतो आणि नवी पाहुणी दारातूनच हंबरडा फोडीत आत येते, शेवटच्या क्षणाची हकीकत पुन्हा पहिल्यापासून विचारते. दिवसातून दहा वेळा ती हकीकत सांगावी लागणे ही मोठी पीडा आहे. भेटीस जावे ते थोडा वेळ, हलक्या आवाजात बसावे, गेलेल्याचा एखादा गुण आठवावा, मनात णमोकार म्हणावा आणि उठावे. घरातील माणूस रडू लागले तर त्याला रडू द्यावे, मात्र त्याला रडविण्याचे निमित्त आपण होऊ नये.

तिसरा दिवस आणि दुकान

सांगली-कोल्हापूर भागात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होते, मारवाडी व गुजराती जैन घरांत त्या सुमारास उठावणे असते. ‘उठावणे’ या शब्दातच त्याचा अर्थ आहे. शोकासाठी बसलेल्यांना उठविणे. राखेविषयी एक सूचना. ती नदीत सोडल्याने पाण्यातील जीवांची विराधना होते. म्हणून स्वतःच्या शेतात किंवा निर्जन कोरड्या जागी, जीवजंतू पाहून, लहान खड्ड्यात ती ठेवणे अधिक योग्य आणि अनेक कुटुंबे आता तसेच करतात.

या घराने तिसरा गुरुवारी केला आणि शुक्रवारी, चौथ्या दिवशी, दुकान उघडले. ‘बापाचे बारा दिवसही झाले नाहीत,’ अशी कुजबुज झाली. वस्तुस्थिती अशी होती की, अडतीत शेतकऱ्यांचा गूळ पडून होता, पावसाळी हवेत तो पाझरू लागला होता. मागील आठवड्यात विकलेल्या मालाच्या पट्ट्या द्यावयाच्या होत्या, हमालांची मजुरी देणे होते. दुकान उघडले नसते, तर एका घरच्या सुतकाचा भार दहा शेतकऱ्यांच्या घरांवर पडला असता.

सुतकाचे बंधन पूजेला आहे, व्यवहाराला नाही. तिसऱ्यानंतर दुकान उघडण्याची रीत आपल्या व्यापारी कुटुंबांत जुनीच आहे. उठावणे झाले की आप्तमंडळी मुलाला बरोबर नेऊन दुकान उघडवितात, कारण कुलूप एकट्याने काढणे जड जाते, हे त्यांना ठाऊक असते. सर्वांना झेपेल अशी वाट म्हणजे, चौथ्या दिवसापासून मुनिमांच्या साहाय्याने देणी भागवावीत, पडून असलेला माल निकालात काढावा, दुसऱ्याचे अडलेले काम पूर्ण करावे आणि नवे सौदे, नवी खरेदी बाराव्यापर्यंत पुढे ढकलावी. मुलाने पूर्ण वेळ गादीवर बसलेच पाहिजे असेही नाही, दोन तास पुरेत. त्या भगिनीच्या यजमानांनी जवळजवळ हेच केले. त्यांचे काही चुकले नाही.

त्यांच्यासाठी काय करावे?

हा प्रश्न सर्वांत हळवा आहे आणि त्याचे उत्तर आपण व्यापाऱ्याच्या भाषेत सहज समजू शकतो. प्रत्येक जीवाचे कर्माचे खाते स्वतंत्र आहे. मामंजी आपली जमा आणि आपले नावे दोन्ही बरोबर घेऊन गेले. त्यांच्या खात्यात आता दुसरा कुणी रक्कम भरू शकत नाही. तेराव्याला पाचशे पाने उठविली म्हणून त्यांना एक घासही पोचत नाही. कर्ज काढून असे जेवण घालण्याचे तर काहीच कारण नाही.

परंतु याचा अर्थ दान करू नये असा नव्हे. दान करावे ते आपल्या मनातील लोभ आणि शोक हलका व्हावा म्हणून, त्यांच्या स्मरणाच्या निमित्ताने. आहारदान, औषधदान, शास्त्रदान व अभयदान हे चार मार्ग आपल्यापुढे आहेतच. गावातील पांजरपोळात एक दिवसाचा चारा, एखाद्या गरजू रुग्णाचे औषध, मंदिराच्या स्वाध्यायासाठी ग्रंथ, यांतील काहीही ऐपतीप्रमाणे करावे. त्याचे पुण्य करणाऱ्याला मिळेल. आणि मामंजींच्या हातची एखादी चांगली गोष्ट, उदाहरणार्थ शेतकऱ्याची पट्टी वेळेवर देण्याची सवय, पुढे चालू ठेवावी. मुलाने चौथ्या दिवशी दुकान उघडून पहिल्या पट्ट्या दिल्या, ते याच वाटेवरचे पाऊल होते.

तेराव्या दिवशी स्नान, घराची स्वच्छता, मंदिरात दर्शन, गंधोदक घेणे आणि इच्छा असल्यास पूजा किंवा शांतिविधान, एवढ्याने सुतक संपते. शोक मात्र त्या दिवशी संपत नाही आणि तो संपला पाहिजे असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. चूक झाली, पण ती अजाणता आणि काळजीपोटी झाली, तिचे ओझे बाळगू नका. सासूबाईंच्या हाती लगेच माळ देऊ नका आणि एकशे आठचा आग्रहही धरू नका. उद्या पहाटे त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांचा उजवा हात आपल्या हातात घ्या आणि त्यांचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवून तुम्हीच मनात णमोकार म्हणा. मग दुसरे पेर, मग तिसरे. पहिल्या दिवशी तीन पेरे झाली तरी पुष्कळ झाले. परवा पुन्हा बसा. ज्या बोटांना चाळीस वर्षांची सवय आहे, त्यांना पुढचे पेर कोणते हे फार दिवस सांगावे लागणार नाही.